जाहिरातीचे दर आणि मापे मागवताना

आमच्या फर्निचर-दुरुस्तीच्या व्यवसायाची जाहिरात वृत्तपत्रांतून द्यायचे ठरल्यावर मी दोन दैनिकांच्या जाहिरात विभागांना ईमेल पाठवले. ‘आपले दर कळवावेत’ एवढेच लिहिले असते, तर बहुधा संपूर्ण दरपत्रक हाती आले असते; परंतु दरपत्रकात आवृत्तीनुसार, पुरवणीनुसार आणि पानानुसार वेगवेगळे दर असल्यामुळे त्यातला आपल्याला कोणता लागू होतो, हे नवख्या माणसाला सहसा उमगत नाही. म्हणून मला काय हवे आहे ते मी आधी स्पष्ट केले: चार कॉलम रुंद आणि १२ सेंटीमीटर उंच अशी रंगीत जाहिरात, आतल्या पानावर, आमचे ग्राहक जिथे आहेत त्या भागाच्या आवृत्तीत, सलग चार आठवडे एकाच वारी. या नेमक्या मागणीचा दर, चार वेळच्या प्रसिद्धीवरील सवलत, कर धरून होणारी एकूण रक्कम आणि जाहिरातीची अचूक मापे मी विचारली.

दोन्ही कार्यालयांची उत्तरे आली, पण त्यांची तुलना लगेच करता येईना, कारण एका दैनिकाचा दर कॉलम सेंटीमीटरला होता आणि दुसऱ्याचा चौरस सेंटीमीटरला. कॉलम सेंटीमीटर म्हणजे एक कॉलम रुंद आणि एक सेंटीमीटर उंच जागा. त्या हिशेबाने माझी जाहिरात ४ गुणिले १२, म्हणजे ४८ कॉलम सेंटीमीटरची झाली. चौरस सेंटीमीटरच्या हिशेबात मात्र खरी रुंदी लागते, आणि ती कॉलमच्या संख्येवरून कळत नाही. त्या दैनिकाने कळवल्याप्रमाणे त्यांचा एक कॉलम ३.८ सेंटीमीटरचा आणि दोन कॉलममधली मोकळी जागा ०.३ सेंटीमीटरची होती. चार कॉलमचे १५.२ आणि मधल्या तीन जागांचे ०.९ मिळून रुंदी १६.१ सेंटीमीटर, आणि १२ सेंटीमीटर उंचीला क्षेत्रफळ १९३.२ चौरस सेंटीमीटर. म्हणजेच चौरस सेंटीमीटरचा दर कॉलम सेंटीमीटरच्या दराच्या साधारण एक चतुर्थांश असेल, तरच दोन्हीकडचा खर्च जवळपास सारखा येतो. नुसते आकड्यांकडे पाहिले, तर चौरस सेंटीमीटरचा दर उगाचच स्वस्त वाटतो.

मधल्या जागेचा हा हिशेब डिझाइनसाठीही तितकाच महत्त्वाचा आहे. केवळ कॉलमच्या रुंदीची बेरीज करून १५.२ सेंटीमीटरची फाइल बनवली, तर ती जागेपेक्षा जवळजवळ एक सेंटीमीटर अरुंद पडते. मग एक तर कडेला पांढरी पट्टी राहते, किंवा पान लावणारा ती ताणून बसवतो आणि अक्षरे पसरट दिसतात. म्हणून मी फोन करून विचारले, तेव्हा विभागातील ताई म्हणाल्या, “सर, पुरवणीत घ्यायची असेल तर हे माप चालणार नाही, तिथले पान लहान आहे आणि कॉलमही वेगळे आहेत.” ही गोष्ट त्यांच्या ईमेलमध्ये नव्हती. मी मुख्य अंक आणि पुरवणी या दोन्हींची मापे मिलिमीटरमध्ये लेखी मागवून घेतली.

फाइलच्या बाबतीत त्यांच्या अटी मोजक्या होत्या: फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ, पडद्यासाठीच्या आरजीबीऐवजी छपाईच्या चार शायांचे सीएमवायके रंग आणि एकाच जागी या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज जास्तीत जास्त २४०. वृत्तपत्राचा कागद शाई पटकन शोषतो, त्यामुळे गडद भागांत त्याहून अधिक शाई पडली तर ती पसरते आणि मागच्या पानावर उमटते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा, असेही त्यांनी सांगितले. चारही रंग मिसळून केलेला काळा छपाईत जरासा सरकला, तरी अक्षरांना रंगीत कडा येतात, आणि आमच्या जाहिरातीतला दूरध्वनी क्रमांक अशा वेळी वाचताच आला नसता. क्रमांकाचे अक्षरही त्यामुळे मी थोडे मोठे आणि ठळक करून घेतले.

जागा राखून ठेवण्याची आणि फाइल पोहोचवण्याची मुदत वेगवेगळी असते, हे मला याच पत्रव्यवहारातून कळले, आणि त्या दोन्ही तारखा मी लिहून मागितल्या. आतल्या पानाचा दर दिला म्हणजे विशिष्ट पान मिळेलच असे नाही. ठरावीक पान किंवा पानाचा ठरावीक कोपरा हवा असल्यास त्याला वेगळा अधिभार लागतो. मला त्याची गरज नव्हती, म्हणून तो मी घेतला नाही. शेवटी एका दैनिकाला रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याची लेखी मागणी, देताना आवृत्ती, चारही तारखा, माप, दर, सवलत आणि कर अशा सर्व बाबी मी तिच्यात नमूद केल्या, आणि चारही प्रसिद्धींना हाच दर लागू राहील, असे त्यांच्याकडून लेखी आल्यावरच फाइल पाठवली.