शेतकरी नसताना रायगडात जागा घेताना: माझा अनुभव

माझे आजोबा शेतकरी होते. त्यांनी भात लावलेलं मी लहानपणी स्वतः पाहिलंय. म्हणून आपणही शेतकरीच, असं मी कायम गृहीत धरलं होतं. २०२२ च्या पावसाळ्यात रायगड जिल्ह्यात घरापुरती जागा बघायला लागलो, तेव्हा एका तलाठी कार्यालयात मला साधा प्रश्न विचारला गेला : "आज तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर सातबारा आहे का?" नव्हता. आजोबांची जमीन माझ्या जन्माच्या सुमारासच विकली गेली होती आणि नंतरची वर्षं ते दुसऱ्याच्या शेतात राबत होते. घरी जपून ठेवलेला त्यांचा जुना सातबारा मी दाखवला. तलाठ्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "ही जमीन विकली गेल्यावर पुढे यावर काही चालत नाही."

कुळ कायद्याचं, म्हणजे महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याचं कलम ६३ मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. जो शेतकरी नाही, त्याला शेतजमीन विकायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. (मराठवाडा आणि विदर्भात वेगळे कुळ कायदे आहेत, पण तिथेही असंच बंधन आहे.) आमच्या मध्यस्थाने यावर लगेच उपाय सांगितला : "शेतकरी असल्याचा दाखला करून घेऊ, तीस-चाळीस हजारांत होतं." मला तो मोह झाला होता, हे लपवत नाही. पण त्याच कायद्यात कलम ८४-क आहे. व्यवहार कायद्याविरुद्ध झाल्याचं वाटलं तर तहसीलदार चौकशी करतात. मग तीन महिन्यांत सगळं पूर्ववत करायचं, नाहीतर व्यवहार अवैध आणि जमीन सरकारजमा. खोट्या दाखल्यावर घेतलेल्या जमिनीवर घर बांधून म्हातारपणी ही नोटीस आली तर, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. मध्यस्थाला नको म्हणून सांगितलं.

पहिली जागा तोपर्यंत मनात भरली होती. ओढ्याकाठची, पंधरा गुंठे, मागे टेकडी. सातबाऱ्यात 'भोगवटादार वर्ग १', म्हणजे विकायला बंधन नसलेली जमीन, असं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. नशिबाने इसार देण्याआधी 'इतर अधिकार' हा रकाना वाचला. तिथे बारीक अक्षरात होतं : 'कुळ कायदा कलम ४३ च्या बंधनास अधीन'. ही जमीन त्या घरातल्या आजोबांना कुळ म्हणून मिळाली होती आणि ३२-म चं खरेदी प्रमाणपत्र त्यांच्याकडे होतं. विकणारे दादा म्हणाले, "अहो, आता त्याला परवानगी लागत नाही, चाळीस पट भरले की झालं." त्यांचं बरोबर होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, प्रमाणपत्राला दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून अशी जमीन विकता येते. सातबाऱ्यावर आकार होता ३ रुपये २० पैसे. चाळीस पट म्हणजे १२८ रुपये. एवढ्यावर काम होतंय म्हणून मी खूश झालो होतो, पण त्याच तरतुदीत घेणारा शेतकरी असावा अशी अट आहे, ती दादांनाही माहीत नव्हती. म्हणजे १२८ रुपये भरून दादांची अडचण सुटत होती, माझी नाही. शिवाय जमीन हरित पट्ट्यात, म्हणजे शेतीसाठी राखलेल्या विभागात, होती. ती जागा सोडली. अजून त्या रस्त्याने जाताना मान तिकडे वळतेच.

यानंतर शोधायची पद्धतच उलटी केली. आधी जागा पसंत करायची आणि मग कागद बघायचे, याऐवजी गावठाणाला लागून असलेले सर्व्हे नंबर आणि प्रादेशिक योजनेत रहिवास विभागात दाखवलेली जमीन, एवढंच पाहायचं. असं का, हे सांगतो. कलम ६३ मध्ये २०१६ साली एक अपवाद आला. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीतली, किंवा प्रादेशिक योजनेत रहिवास, वाणिज्य, उद्योग अशा अकृषिक वापरासाठी दाखवलेली जमीन शेतकरी नसलेल्यालाही त्या वापरासाठी परवानगीशिवाय घेता येते. मात्र पाच वर्षांत तो वापर सुरू करावा लागतो. नाही झाला तर बाजारभावाच्या दोन टक्के दरसाल आकार भरून आणखी पाच वर्षं मिळतात. आणि जमीन महसूल संहितेच्या तेव्हाच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतली जमीन योजनेशी सुसंगत वापरासाठी अकृषिक करायला कलम ४४ च्या वेगळ्या परवानगीचा लांब रस्ता लागत नव्हता. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरली की ती रूपांतरित मानली जायची आणि तशी सनद मिळायची.

अशी जमीन चार महिन्यांनी मिळाली. एक पूर्ण हिस्सा नंबर, सातबाऱ्यावर ०.२४.०० हेक्टर, म्हणजे चोवीस आर. गावात त्याला चोवीस गुंठेच म्हणतात. मालक एक काकू, त्यांची दोन मुलं आणि दीर. कुळाची नोंद नाही, वर्ग १, आदिवासी खातेदार नाही. ही शेवटची गोष्ट रायगडात बघितलीच पाहिजे. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीने घ्यायची झाली तर महसूल संहितेची कलम ३६ आणि ३६-अ लागतात आणि तो विषयच वेगळा आहे. नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढला, त्यावर 'रहिवास विभाग' असं आलं. हा कागद हातात येईपर्यंत मी कोणाला एक रुपया दिला नव्हता. मध्यस्थ "सगळं आर झोनच आहे हो" म्हणत होता. त्याच्या मोबाईलवरच्या नकाशात तसं दिसतही होतं, पण सर्व्हे नंबरानिशी लिहिलेला दाखला म्हणजे दाखला.

अपवादाचा आधार घेऊन लगेच खरेदीखत करता आलं असतं. वकिलांनी वेगळं सुचवलं : अकृषिक रूपांतरण काकूंच्याच नावाने आधी करून घ्या, मग खरेदी करा. दोन कारणं होती. खरेदी झाली की पाच वर्षांचं घड्याळ माझ्यावर चालू होणार होतं आणि माझ्याकडे बांधकामाचे पैसे लगेच नव्हते. दुसरं, फेरफार मंजूर करताना मंडळ अधिकारी 'खरेदीदार शेतकरी असल्याचा पुरावा' मागतात आणि अपवाद समजावत बसावं लागतं, हे त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. जमीन अकृषिक झाली की तो प्रश्नच उरत नाही, कारण कलम ६३ हे शेतजमिनीसाठी आहे. म्हणून नोंदणीकृत साठेखत केलं. थोडी रक्कम दिली आणि उरलेली सनद मिळाल्यावर द्यायची, असं त्यात लिहिलं. सनद नाही मिळाली तर रक्कम परत, हेही लिहिलं. काकूंना ते आधी आवडलं नाही. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?" त्यांना समजावून सांगायला एक अख्खी दुपार गेली, आणि ती जायलाच हवी होती. कारण पुढचे सगळे अर्ज त्यांच्या सहीने जाणार होते.

पहिला अडथळा वारसांचा निघाला. काकूंच्या यजमानांच्या जागी काकू आणि दोन मुलं लागली होती, पण लग्न झालेल्या मुलीचं नाव नव्हतं. जुना वारस फेरफार मी स्वतः काढून वाचला तेव्हा ते कळलं. सातबारा पाहून कळलंच नसतं, तिथे फक्त शेवटचं चित्र दिसतं. ताई मुंबईहून आल्या, म्हणाल्या, "मला हिस्सा नको, पण माझं नाव गाळलं हे मला कोणी सांगितलं नव्हतं." आम्ही सगळेच गप्प झालो. त्यांचं नाव लावून घेतलं, आणि त्यांनी हिस्सा घ्यावा असा आग्रह काकूंनीच धरला. या फेरफाराला नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस आणि मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी धरून दोन महिने गेले.

दुसरा अडथळा मोजणीचा. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचे पैसे भरले. मोजणीदार आले तेव्हा शेजारच्या बांधावरून वाद झाला. बांध वर्षानुवर्षं आत सरकलेला होता. प्रत्यक्ष ताब्यात साडेबावीस आर भरले. दर आरप्रमाणे ठरला असल्याने किंमत त्या क्षेत्रावर कमी केली आणि शेजाऱ्यांशी भांडण टाळलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नकाशावर रस्ता दिसत नव्हता. बैलगाडीची वाट होती, सगळे वापरत होते, पण कागदावर ती कुठेच नव्हती. जमीन अकृषिक झाली म्हणजे बांधकामाला परवानगी मिळाली असं होत नाही. ती वेगळी घ्यावी लागते आणि तिथे पोचरस्ता विचारतात. शेवटी दिरांनी आपल्या बाजूच्या हिश्श्यातून वाट नोंदणीकृत दस्ताने दिली. हे आधी सुचलं नसतं तर सनद हातात घेऊन मी बांधावर उभा राहिलो असतो.

मग अर्ज. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, झोन दाखला, गावठाणापासूनचं अंतर दाखवणारा मोजणी नकाशा, सगळ्या खातेदारांचं शपथपत्र. तहसील कार्यालयाने अंतर नकाशावर पुन्हा तपासलं, कारण दोनशे मीटर गावठाणाच्या हद्दीपासून धरायचे होते, शेवटच्या घरापासून नाही. आमचा सगळा हिस्सा आत बसला. कराचा हिशोब लेखी आला, चलन भरलं. तेव्हा कायद्यात पैसे भरल्यापासून सनदेला साठ दिवस होते. आमची त्याच्या थोडी नंतर आली, पण आली. त्यानंतर गाव नमुना दोनमध्ये, म्हणजे अकृषिक महसुलाच्या नोंदवहीत, नोंद झाली आणि सातबारा बदलला. पुढच्याच आठवड्यात खरेदीखत झालं. माझ्या शेतकरी असण्याचा पुरावा कोणी मागितला नाही.

खरेदीच्या आदल्या दिवशी काकूंना नवा सातबारा दाखवायला गेलो होतो. त्यांना वाचायला येत नाही, पण कागदाच्या खालच्या भागात पिकाचे रकाने असतात, हे त्यांना ठाऊक होतं. बोट तिथे नेऊन त्या म्हणाल्या, "भात कुठं गेलं?" सदरचे क्षेत्र अकृषिक झाल्याने गाव नमुना नंबर बाराची आवश्यकता नाही, अशी ओळ तिथे छापलेली होती. मी ती वाचून दाखवली. त्यांनी ती मला दोनदा वाचायला लावली, मग कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि आत चहा टाकायला गेल्या.