आकडा 30 आला, पण जुळणी चुकीची होती: बाकावरच्या सूक्ष्मदर्शीची नोंद

गेल्या नोंदीत संयुक्त सूक्ष्मदर्शी बाकावर मांडून झाला होता, विशालन मोजायचं राहिलं होतं. ते आता झालं, पण दोन संध्याकाळी चुकीच्या दिशेने गेल्या. त्या का गेल्या हेच सविस्तर लिहितो.

मांडणी अशी. ऑब्जेक्टिव्ह 25 मिमी नाभीय अंतराचं, पुढे 10 मिमी भोकाचा पुठ्ठा. आयपीस 50 मिमीचा. मागून उजेड दिलेली पारदर्शक मिलिमीटर पट्टी ऑब्जेक्टिव्हपासून 30 मिमीवर. म्हणजे पहिली प्रतिमा ऑब्जेक्टिव्हपलीकडे 150 मिमीवर पडते आणि पाचपट मोठी असते. पट्टी आणि ऑब्जेक्टिव्ह मी घट्ट बसवून टाकलेत, सरकतो तो फक्त आयपीस. त्यामुळे हे पाचपट काही केल्या बदलत नाही, आणि घोळ झालाच तर तो आयपीसच्या बाजूलाच शोधायचा.

सूक्ष्मदर्शीच्या बाबतीत नॉर्मल ॲडजस्टमेंट म्हणजे अंतिम प्रतिमा 25 सेमीवर, सुस्पष्ट दृष्टीच्या लघुत्तम अंतरावर. आयपीसचा वाटा मग 1 + 250/50, म्हणजे 6. एकूण 30.

मोजण्यासाठी आयपीसवर पातळ काच 45 अंशांत तिरकी धरली आणि बाजूला दुसरी मिमी पट्टी उभी केली. काचेतून खालची प्रतिमा दिसते आणि काचेवरून परावर्तित होऊन बाजूची पट्टी तिच्यावर येऊन बसते. बाजूची पट्टी आयपीसच्या भिंगापासून 250 मिमीवर असल्यासारखी दिसली पाहिजे. काच भिंगाच्या 15 मिमी वर असेल, तर पट्टी काचेपासून 265 मिमीवर ठेवावी लागते. अंतर डोळ्यापासून मोजायचं नाही, भिंगापासून मोजायचं.

चित्र स्वच्छ दिसेपर्यंत आयपीस सरकवला, आत दिसणारा एक मिलिमीटर बाहेरच्या किती मिलिमीटरांवर बसतो ते वाचलं. कधी 28, कधी 32. सरासरी काढली तर बरोबर 30! पहिल्या संध्याकाळी मी तो आकडा वहीत लिहून आनंदाने उठलो.

दुसऱ्या दिवशी खटकलं ते एवढंच, की चित्र धारदार असताना बाजूची पट्टी किंचित पुसट दिसत होती. मग डोळा मुद्दाम मागेपुढे केला. भिंगापासून 30 मिमीवर डोळा असताना 28, 70 मिमीवर नेला की 32. हाच पुरावा. दोन गोष्टी एकाच प्रतलात असतील तर डोळा हलवून त्यांचं एकमेकांवर बसणं बदलत नाही. बदललं, म्हणजे प्रतिमा पट्टीच्या प्रतलात नव्हतीच. ऑब्जेक्टिव्हपासून आयपीसपर्यंत अंतर मोजलं तर 200 मिमी, म्हणजे पहिली प्रतिमा नेमकी आयपीसच्या नाभीवर आणि अंतिम प्रतिमा अनंतावर. सैल पडलेल्या डोळ्याला तीच जागा आरामाची वाटते, म्हणून हात आपोआप तिथेच थांबतो. त्या स्थितीतलं खरं विशालन 5 × 5, म्हणजे 25. मला दिसलेला 30 डोळ्याच्या जागेमुळे निघालेला योगायोग होता.

उपाय म्हणजे आयपीस 8.3 मिमी आत, एकूण अंतर 191.7 मिमी. इथून पुढे चित्राकडे बघून फोकस केला नाही. डोळा हलवत राहिलो आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींवरून सरकायच्या थांबल्या तिथे आयपीस कसला. आता डोळा कुठेही ठेवा, 30 येतात.

दुर्बिणीकडे वळलो तेव्हा हेच उलट्या बाजूने भेटलं. तिच्यात नॉर्मल ॲडजस्टमेंट म्हणजे अंतिम प्रतिमा अनंतावर. 500 मिमीचा ऑब्जेक्टिव्ह, 25 मिमीचा आयपीस, दोघांत 525 मिमी, विशालन 20. इथे तरुण डोळा फसवतो, कारण तो स्वतः ताण घेऊन 522.7 मिमीवरसुद्धा तारा धारदार दाखवतो, आणि तिथे अंतिम प्रतिमा 25 सेमीवर आलेली असते. म्हणून आयपीस आधी पूर्ण बाहेर काढायचा, हळूहळू आत घ्यायचा आणि पहिल्यांदा धार आली की हात थांबवायचा. जास्त बाहेर असताना किरण एकवटत येतात, ते निरोगी डोळ्याला जुळवता येत नाहीत, त्यामुळे पहिली धार ही समांतर किरणांचीच असते. लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच हे करा.

पडताळा म्हणून 50 मिमी व्यासाच्या ऑब्जेक्टिव्हची आयपीसमागे पडणारी गोल प्रतिमा ट्रेसिंग पेपरवर घेतली. साधारण 26 मिमी मागे, व्यास 2.5 मिमी. 50 भागिले 2.5, वीसच. पण या वर्तुळावर एका बाबतीत विसंबू नका. आयपीस 522.7 वर नेला तरी गुणोत्तर 19.9 येतं, आणि एवढा फरक कागदावर वाचताच येत नाही. विशालन ते सांगतं, जुळणी बरोबर आहे की नाही हे सांगत नाही.