पहिले वाक्य, शेवटचे वाक्य

‘उपदेशाची सुरुवात आणि शेवट तुम्ही कसा ठरवता? आणि शेवटी एकच काम का सांगता?’

शेवट आधी लिहितो आणि सुरुवात सर्वांत शेवटी. यात काही गुपित नाही. कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचे हे एका वाक्यात मांडता येत नसेल, तर उपदेश अजून तयार झालेला नाही, असे मी समजतो. ‘आपण सर्वांनी प्रयत्न करू या’ या वाक्याने कोणी काहीही करत नाही. दोन कामे सांगितली की माणूस सोपे उचलतो किंवा दोन्ही सोडतो.

मात्र ते काम शास्त्रपाठातूनच निघावे लागते, हे मला मत्तय ५:२३-२४ वरील, म्हणजे अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट कर या वचनावरील, उपदेशाने शिकवले. सुरुवात अशी होती: ‘थोड्याच वेळात अर्पण गोळा होईल, आणि येशू तुम्हाला ते तिथेच ठेवून बाहेर जायला सांगतो आहे.’ या वाक्याची मला आजही लाज वाटत नाही. वचनातलाच धक्का त्यात होता आणि आधी हवापाण्याच्या गप्पा नव्हत्या. शेवट होता: ‘ज्याच्याशी तुमचे बोलणे बंद आहे, त्याला आज संध्याकाळपर्यंत फोन करा.’ कोणी, काय, कधी, सगळे जागच्या जागी. उपासनेनंतर दाराशी एक बाई थांबल्या. त्यांनी शांतपणे विचारले, ‘पाळकसाहेब, मला मारणाऱ्याशी माझे बोलणे बंद आहे. त्यालाही करू का?’

‘नाही’ म्हणायला मला क्षणभरही लागला नाही, पण ते ‘नाही’ माझ्या वाक्यात कुठेच नव्हते. घरी येऊन वचन पुन्हा वाचले. तिथे बोलणे बंद असल्याचा उल्लेखच नाही. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, असे म्हटले आहे. म्हणजे उठायचे आहे ते ज्याने दुखावले त्याने. त्या बाईंना ती आज्ञा नव्हतीच. वाक्य आटोपशीर करण्याच्या नादात मी आज्ञेचा धनीच बदलला होता, आणि एवढी बारीक चूक कोण पकडणार, असे तेव्हाचा मी नक्की म्हणाला असता.

आता त्या उपदेशाचा शेवट असा आहे: ‘तुमच्यामुळे दुखावलेल्या एका व्यक्तीचे नाव मनात घ्या आणि आज जेवणाआधी तिला ‘माझे चुकले’ एवढेच कळवा.’ त्यानंतर मी थांबतो. ‘शेवटी एवढेच सांगतो’ नाही, आणि समाप्तीच्या प्रार्थनेत उपदेशाची उजळणीही नाही, कारण तिथे पुन्हा तीन मुद्दे आले की ते एक काम विरून जाते.

पण मारणाराही त्याच बाकावर बसलेला असू शकतो, आणि संपर्काला मनाई केलेल्या स्त्रीला गाठण्याचा परवाना म्हणून तो हे वाक्य वापरू शकतो. म्हणून ‘जिने संपर्क नको म्हटले आहे, तिच्याकडे जाऊ नका’ हे मी उपदेशाच्या मधल्या भागात, सविस्तर सांगतो. माझे एक सहकारी पाळक म्हणतात की मधले कोणाच्या लक्षात राहत नाही, तेव्हा ते शेवटच्या वाक्यातच हवे. तसे केले तर वाक्य अडखळते आणि इतरांना पळवाट मिळते, असे मी म्हणतो. त्यांना ते पटलेले नाही आणि मलाही दर वेळी पटतेच असे नाही.