बेरीज बरोबर, हिशोब चूक

दुपारच्या शांत वेळी शेजारच्या काकांनी फोन पुढे केला आणि, “यात उद्धट काही वाटतंय का?” असे विचारले. मजकूर एका ओळीचा होता: “तुमचे लाईट-पाणी १,६६५ झाले, लवकर पाठवणे.” भाडेकरूने त्यावर केवळ एक प्रश्नचिन्ह पाठवले होते आणि काकांना ते झोंबले होते. मला त्यात उद्धटपणा दिसला नाही; मात्र नुसती एकूण रक्कम सांगणाऱ्या निरोपांविषयी माझ्या मनात जुनी अढी आहे. ज्या आकड्यामागचे रीडिंग दिसत नाही, तो आकडा मला मागणीपेक्षा फर्मानासारखा वाटतो. म्हणून मी दोन्ही बिले आणि त्यांची वही मागवून घेतली.

विजेचे बिल २,८८० रुपयांचे होते. मुख्य मीटर १४,८२० वरून १५,१४० वर गेला होता, म्हणजे ३२० युनिट. खालच्या खोल्यांसाठी बसवलेला सबमीटर वहीत २,३१० वरून २,४७० वर, म्हणजे १६० युनिट. बरोबर निम्मे. म्हणून काकांनी विजेचे निम्मे आणि ४५० रुपयांच्या पाणीपट्टीचेही निम्मे घेऊन १,६६५ काढले होते. बेरजेत खोट नव्हती, आणि ‘निम्मे’ हा शब्द इतका न्याय्य वाटतो की पुढे कोणी काही विचारतही नाही.

मला खटकल्या त्या तारखा. बिलावरचे मागील रीडिंग ५ एप्रिलचे होते आणि चालू रीडिंग ५ मेचे. सबमीटरचे मागील रीडिंग काकांनी ५ एप्रिललाच घेतले होते, कारण त्या दिवशी मुख्य मीटर वाचायला माणूस आला तेव्हा ते घरी होते. पण पुढचे रीडिंग त्यांनी बिल हातात पडल्यावर, म्हणजे १५ मेला घेतले. तीस दिवसांच्या बिलातून चाळीस दिवसांचा वापर वसूल होत होता. त्यातले शेवटचे दहा दिवस या बिलात नाहीतच; ते पुढच्या बिलात यायचे आहेत. चाळीस दिवसांत १६० युनिट, म्हणजे दिवसाला चार. तेव्हा तीस दिवसांचे १२० धरावे लागतात. हा अंदाज आहे, आणि निरोपात तो अंदाज म्हणूनच लिहायला हवा. पुढच्या महिन्याची सुरुवात मात्र २,४३० पासून करायची, २,४७० पासून नव्हे. नाहीतर आज वगळलेले ४० युनिट कोणाच्याच हिशोबात येणार नाहीत.

मीटर म्हटले की मला लहानपणी घरी असलेला, काचेआड चकती फिरणारा मीटर आठवतो. चकतीच्या कडेवर एक काळी खूण होती आणि ती एकदा दिसल्यावर पुन्हा दिसेपर्यंत मी आकडे मोजत उभा राहायचो. घरात नुसता दिवा असला की खूण रेंगाळत यायची. कोणी इस्त्री लावली की चकती अशी पळायची की मोजदाद चुकायची. घरात काय चालू आहे हे मला बाहेर उभे राहून कळायचे आणि त्याचा मला विलक्षण अभिमान होता. हल्लीच्या मीटरवर चकती नसते, एक बारीक लाल दिवा लुकलुकतो; पण परीक्षा तीच. मी काकांना म्हटले, भाडेकरूला त्याच्या खोल्यांतली सगळी बटणे बंद करायला सांगा आणि सबमीटरचा दिवा पाहा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर जिन्यातला दिवा किंवा दुसरे काहीतरी त्याच्या तारेवर आहे. आम्ही ते करून पाहिले. दिवा स्थिर राहिला आणि काकांचा चेहरा खुलला.

मग दराचा प्रश्न आला. युनिट वाढत जातात तसा दर चढतो, त्यामुळे भाडेकरू म्हणू शकतो की माझे १२० युनिट खालच्या, स्वस्त टप्प्यातले आहेत. मालक म्हणू शकतो की तुमच्यामुळेच मी वरच्या टप्प्यात गेलो. दोघांचेही खरे आहे, म्हणून सरासरी दर बरा. बिलातला १६० रुपयांचा स्थिर आकार बाजूला काढला की २,७२० उरतात. त्यांना ३२० ने भागले की युनिटला साडेआठ रुपये येतात. स्थिर आकार वापरावर अवलंबून नसतो, तेव्हा तो दोन घरांत सरळ निम्मा.

खरी गुंतागुंत पाण्याच्या पंपाची होती. गच्चीवरची टाकी दोघांची. पण पंप मुख्य मीटरवर, म्हणजे त्याची वीज आतापर्यंत काकांच्या वाट्यात गुपचूप जिरत होती. एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो. रोज चाळीस मिनिटे चालला तर महिन्याला सुमारे २० युनिट, म्हणजे १७० रुपये. पाणी माणसे वापरतात, खोल्या नव्हेत, म्हणून ही रक्कम आणि पाणीपट्टी दोन्ही माणशी वाटायच्या असे ठरले: वर दोघे, खाली तिघे. पाण्याच्या मीटरवर ४१२ ते ४३६, म्हणजे २४ हजार लिटर दिसत होते. पाच माणसांत रोज माणशी १६० लिटर हा आकडा पटण्यासारखा होता. तो याच्या दुप्पट असता, तर वाटणी करण्याआधी मी गळती शोधायला सांगितले असते.

शेवटी निरोप असा झाला:

“नमस्कार. ५ एप्रिल ते ५ मे या काळाचा हिशोब पाठवत आहे. दोन्ही बिलांचे आणि सबमीटरचे फोटो सोबत आहेत.
सबमीटर: ५ एप्रिलला २,३१०, १५ मेला २,४७०. चाळीस दिवसांचे १६० युनिट, त्यावरून तीस दिवसांचे अंदाजे १२०. पुढचा हिशोब २,४३० पासून धरू.
वीज: १२० × ८.५० = १,०२० रुपये.
स्थिर आकार: १६० चा निम्मा, ८० रुपये.
पंप: अंदाजे २० युनिट, १७० रुपये; पाचपैकी तिघांचा वाटा १०२ रुपये.
पाणी: ४१२ ते ४३६, बिल ४५०, तिघांचा वाटा २७० रुपये.
एकूण १,४७२ रुपये. आधी कळवलेली १,६६५ ही रक्कम तारखांच्या फरकामुळे जास्त होती. काही वेगळे वाटल्यास कृपया कळवावे.”

काकांनी तो दोनदा वाचला. एवढे लिहिले की आपण चिक्कू दिसू, असे म्हणून ते पंपाची ओळ खोडायला निघाले. मी म्हटले, पैसे सोडायचे असतील तर खुशाल सोडा, पण ओळ ठेवा आणि पुढे ‘या वेळी घेतलेले नाहीत’ असे लिहा. नाहीतर पुढच्या महिन्यात ते १०२ रुपये नव्यानेच लावल्यासारखे दिसतील. यावर त्यांनी ओळही ठेवली आणि पैसेही.

फोन खिशात टाकता टाकता त्यांना आठवले की भाडेकरूच्या सासूबाई त्या महिन्यात पंधरा दिवस राहून गेल्या. काटेकोरपणे पाहिले तर खाली साडेतीन माणसे होतात आणि पंपाची व पाण्याची वाटणी पुन्हा मांडावी लागते. मी वही पुढे ओढली. पण सासूबाईंची नोंद ‘अर्धा माणूस’ अशी करायला काका कोणत्याही हिशोबाने तयार होईनात. मग आम्ही तिघेच धरले.