तुम्ही विचारलंत म्हणून: छाती ३९, तरी साइज ३६

“माझी छाती ३९ इंच भरते. ४०चा कुर्ता घेतला की खांदे दंडावर उतरतात आणि गळा पुढे झुलतो. ३६चा घातला की खांदे बरोबर बसतात, पण छातीवर बटणं ताणतात. मी नक्की कुठल्या साइजची?”

खांद्यांनी ३६, छातीने ३९. साइज ३६च धरायची आणि उरलेले तीन इंच फक्त पुढच्या भागात, तेही छातीच्या उंचीवर मिळवायचे. हा ३६ आला कुठून, ते आधी पाहू.

त्यासाठी वरच्या छातीचं माप लागतं. आपल्याकडचे काही मास्तर त्याला ‘अपर चेस्ट’ म्हणतात, बरेचसे ते घेतच नाहीत. टेप काखेत जाईल तितकी वर घ्यायची, मागे पाठीवर सपाट ठेवायची आणि पुढे उभार सुरू होतो त्याच्या वरून फिरवायची. हात खाली सोडलेले हवेत. हात वर असताना घेतलेलं माप चुकतं. टेप अंगाला लागलेली असावी, रुतलेली नको. दुसरं माप पूर्ण छातीचं, उभाराच्या सर्वांत भरलेल्या जागी. इथे मागे टेप खाली घसरते आणि माप फसतं, म्हणून आरशात बाजूने पाहा किंवा कुणाला तरी धरायला सांगा. दोन्ही मापं घेताना टॉपखाली जी ब्रा घालणार तीच हवी. छातीच्या खालचा घेर ब्राची साइज काढायला लागतो, त्याचा इथे संबंध नाही. ही गल्लत फार होते.

तुमच्या वरच्या छातीचं माप ३४ इंच आहे असं धरू. पूर्ण छाती ३९, म्हणजे फरक पाच इंचांचा. तयार कपडे आणि पेपर पॅटर्न ज्या शरीरावर बेतलेले असतात, तिथे हा फरक साधारण दोन इंच धरलेला असतो. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक, व्होग या परदेशी पॅटर्न कंपन्यांचे नेहमीचे पॅटर्नही बी कपवर, म्हणजे याच दोन इंचांवर बेतलेले असतात. म्हणून ३४ अधिक २, तुमची मूळ साइज ३६. उरलेल्या तीन इंचांची दखल तक्त्यात कुठेच घेतलेली नसते. तक्त्यावरचं ४० माप ज्या बाईला बरोबर बसतं, तिची वरची छाती ३८ असते. तिचे खांदे, गळा, मुंढा, पाठ सगळंच तुमच्याहून मोठं असतं. वरच्या छातीचं माप भरवशाचं ठरतं ते यामुळे: ते हाडांच्या सांगाड्याच्या जवळ राहतं आणि उभार लहान-मोठा असला तरी फारसं हलत नाही. फरक दोन इंचांच्या आत असेल तर हा सगळा खटाटोप नको, पूर्ण छातीवरून सरळ साइज घ्या.

शिवून घेतलेला कपडाही का फसतो? मोठे खांदे काही फक्त रेडिमेडमध्ये मिळत नाहीत. बऱ्याच शिवणक्लासमध्ये कटिंगचं गणित छातीच्या एकाच मापावर शिकवतात: गळ्याची रुंदी छातीचा बारावा हिस्सा, मुंढ्याची खोली सहावा हिस्सा अधिक थोडं, पुढचा आणि मागचा प्रत्येक पाव भाग छातीच्या चौथ्या हिश्शाएवढा. आता ३९ घालून बघा. अर्ध्या गळ्याची रुंदी सव्वातीन इंच येते, ३६ घातले तर तीन. दोन्ही बाजू मिळून गळा अर्धा इंच रुंद झाला. मुंढ्याचा सहावा हिस्सा ६ ऐवजी साडेसहावर गेला, म्हणजे मुंढा अर्धा इंच जास्त खोल. असा मुंढा बिनबाह्यांच्या टॉपमध्ये काखेशी उघडा राहतो आणि ब्राची पट्टी दिसते. बाही असेल तर हात वर करताच अख्खा टॉप वर चढतो. पाठीलाही चौथा हिस्सा म्हणून पावणेदहा इंच मिळतात, जेव्हा तिची गरज नऊचीच असते. उरलेलं कापड खांद्यांच्या मध्ये फुगतं.

म्हणून मास्तरांना सांगायचं वाक्य असं: “मुंढा, गळा आणि पाठ ३६वर काढा, छाती ३९ धरा, वाढ फक्त पुढे द्या.” मागचा प्रत्येक पाव भाग ९ इंच, पुढचा साडेदहा. दोन नऊ अठरा, दोन साडेदहा एकवीस, मिळून ३९. त्यावर प्रत्येक पाव भागाला अर्धा इंच लूज दिला की कपडा ४१ होतो, सुती कुर्त्याला तेवढं पुरतं. खांद्याचं माप मात्र अंगावरूनच घ्यायला लावा, गणितातून नको.

घरी पेपर पॅटर्नवर शिवत असाल तर हे दीड-दीड इंच बाजूच्या शिलाईला चिकटवून चालत नाही. तिथे वाढवलं की मुंढ्याचा आकार बिघडतो, बाही बसत नाही, आणि जागा जिथे हवी तिथे मिळतच नाही, काखेखाली साचते. योग्य जागा आहे छातीच्या टोकाशी. ३६चा पुढचा अर्धा भाग कागदावर काढा आणि छातीचं टोक ठरवा (खांद्यापासून टोकापर्यंत आणि दोन टोकांमधलं अंतर अंगावर मोजून). खालच्या कडेपासून मध्यरेषेला समांतर एक रेघ टोकापर्यंत न्या, तिथून वळवून मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर नेऊन सोडा. दुसरी रेघ बाजूच्या टक्सच्या मधून टोकापर्यंत. सरळ कुर्त्याला टक्स नसेल तर काखेखाली दोन-तीन इंचांवरून टोकाकडे रेघ ओढा, टक्स तिथे तयार होईल.

पहिली रेघ खालून कापत जा आणि मुंढ्याच्या शिलाईच्या रेघेपाशी थांबा. तिथे कागदाचा एक धागाभर दुवा ठेवायचा, बिजागरीसारखा. शिलाईच्या रेघेबाहेरचं मार्जिन मात्र बाहेरून तिथपर्यंत कापा, नाहीतर कागद फिरत नाही. दुसरी रेघ बाजूकडून टोकापर्यंत कापा, टोकापाशीही असाच दुवा. आता बाजूचा तुकडा बाहेर सरकवा, टोकापासून खालपर्यंत दोन कडा समांतर दीड इंच दूर होईपर्यंत. मुंढ्याच्या शिलाईची लांबी बदलत नाही, त्यामुळे तीच बाही बसते. बाजूचा टक्स आपोआप रुंद उघडतो, आणि बाजूचा तुकडा मधल्या भागापेक्षा खाली आलेला दिसतो. मधला भाग छातीच्या खाली आडवा कापून तेवढाच खाली सरकवा, मधल्या फटीला कागद लावा. ही पायरी गाळतात आणि मग टॉपची पुढची कड पोटावर वर उचललेली राहते. मोठ्या उभारावरून जाताना कापडाला रुंदीसोबत उंचीही लागते.

टक्स टोकापर्यंत शिवायचा नाही. टोकाच्या इंच-दीड इंच अलीकडे संपवायचा, नाहीतर टोकावर कापड उभं राहतं. दीड इंच वाढीनंतर टक्स बराच रुंद होतो. तो सुती कापडात टोकदार दिसत असेल तर दोन लहान टक्समध्ये वाटा किंवा सरळ प्रिन्सेस कट घ्या. एवढ्या फरकाला आम्ही प्रिन्सेस कटच सुचवतो. कमरेलाही प्रत्येक बाजूला दीड इंच वाढलेला असतो. ए-लाइनला राहू द्या, फिटिंगच्या टॉपला उभ्या टक्समध्ये घाला.

रेडिमेडला हे करता येत नाही, म्हणून तिथे कापड आणि कट पाहून ठरवायचं. मेन रोडला किंवा कॉलेज रोडला कुर्ता घेताना लेबलवरचं माप अंगाचं आहे की कपड्याचं, ते आधी विचारा. कपडा काखेखाली सपाट मोजून दुप्पट केला की शंका उरत नाही. होजिअरीचा ताणणारा टॉप असेल तर ३६ किंवा ३८ घ्या. योकखाली चुण्या असलेला कुर्ता ३८चा चालतो, कारण चुण्यांत जागा असते. सरळ कटच्या सुती कुर्त्याला आणि बटणाच्या शर्टाला मात्र छाती मावायलाच हवी, तिथे ४०ला पर्याय नाही. मग खांदा आत घेऊन घ्या. त्यासाठी बाही उसवून मुंढा पुन्हा कापावा लागतो, म्हणून हे काम नुसत्या बाजू दाबण्यापेक्षा महाग पडतं. उलट ३६चा घेऊन बाजूचं मार्जिन सोडवायचा विचार असेल तर आधी आत उलटून बघा. बहुतेक कुर्त्यांत प्रत्येक शिलाईला अर्धा-पाऊण इंचापेक्षा जास्त कापड नसतं, आणि जे सुटतं ते पाठीलाही मिळतं.

ट्रायल रूममध्ये काय पाहायचं? छातीच्या टोकांकडून काखेकडे किंवा बटणांकडे ताणलेल्या रेघा दिसल्या तर छाती कमी पडते आहे. मुंढ्याच्या पुढच्या कडेला चिमटीत धरता येईल असा सैल पट्टा आला, पण खांद्याची शिलाई हाडावरच असेल, तर साइज बरोबर आहे आणि टक्स अपुरा आहे. मोठी साइज मागू नका. खांद्याची शिलाईच दंडावर गेली असेल तर मात्र साइजच मोठी आहे.

येवल्याच्या पैठणीवरचा ब्लाउज शिवून घेताना हे आधी मांजरपाटावर करून बघा. साडीसोबतच्या ब्लाउजपीसमध्ये चूक झाली तर दुसरा तुकडा मिळत नाही. मांजरपाटाचा ब्लाउज त्याच ब्रावर घालून हात वर-खाली करा, बसा, वाका. पुढची पट्टी वर सरकली तर उंची कमी आहे, मध्ये फट पडली तर रुंदी.

या हिशेबाला एक अपवाद आहे. पाठ रुंद असेल किंवा काखेजवळ मांस जास्त असेल तर वरच्या छातीचं माप फुगतं आणि त्यावरून काढलेली साइज खांद्यांना मोठी पडते. म्हणून निघालेल्या साइजचा खांदा तुमच्या अंगावरच्या मापाशी ताडून बघा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त तफावत असेल तर एक साइज खाली या आणि पाठीला बाजूच्या शिलाईतून तेवढं वाढवून घ्या. पुढचं गणित मग नव्या मूळ साइजवरून पुन्हा करायचं: पूर्ण छाती वजा पाठीची वाढ धरलेली साइज, भागिले दोन.