प्रोलॅक्टिनचा कॉलम

"मॅडम, गाठ तर दिसलीय ना? मग ऑपरेशन कशासाठी थांबवलंय?" एमआरआयचा रिपोर्ट पुढे करत तिच्या नवऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत डाव्या बाजूला ४ मिलिमीटरचा ठिपका आहे. पण एमआरआय काढलेल्या साधारण दहा निरोगी माणसांपैकी एकाच्या पिट्यूटरीत असा ठिपका सापडतो आणि त्याचा कशाशीही संबंध नसतो. शिवाय तिच्या बाकीच्या तपासण्या या ठिपक्याशी जुळत नव्हत्या.

ती पस्तिशीतली, शेतकरी घरातली. चेहरा गोल झालेला, पोटावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे, हातपाय मात्र काडीसारखे. जमिनीवर बसली की कुणीतरी हात दिल्याशिवाय उठता येत नव्हतं. बीपीच्या तीन गोळ्या चालू होत्या आणि शुगरही होती. कुशिंगचं, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन अति झाल्याचं, निदान पक्कं होतं: मध्यरात्रीचं कॉर्टिसॉल २४, आणि कॉर्टिसॉल दाबणारं डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम घेतल्यावर सकाळचं कॉर्टिसॉल १९, जे १.८ च्या खाली यायला हवं होतं. ॲड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणारं एसीटीएच ६० च्या पुढे होतं, म्हणजे दोष ॲड्रिनलमध्ये नव्हता. तिथपर्यंत हुकूम कुणीतरी वरून पाठवत होतं.

तो हुकूम पिट्यूटरीतून येतोय की दुसरीकडून, बहुतेकदा फुप्फुसातल्या एखाद्या बारीक गाठीतून, हाच पेच होता. प्रौढ बाईच्या बाबतीत बहुतेक वेळा पिट्यूटरीच निघते. पण हिचं पोटॅशियम २.९ इतकं कमी होतं आणि डेक्सामेथासोनच्या मोठ्या डोसनेही कॉर्टिसॉल निम्म्याने उतरलं नव्हतं. या दोन्ही गोष्टी बाहेरच्या गाठीकडे बोट दाखवतात. छातीचा सीटी स्वच्छ होता, पण अशा गाठी सीटीत लपून राहतात. अशा अवस्थेत ४ मिलिमीटरच्या ठिपक्यावर विसंबून नाकातून पिट्यूटरी उघडायला माझी तयारी नव्हती.

मी नवऱ्याला सांगितलं, "पाटाला पाणी कुठल्या विहिरीतून येतंय ते शेवटच्या वाफ्यात उभं राहून कळत नाही. विहिरीच्या तोंडाशी जावं लागतं." तो लगेच समजला.

पिट्यूटरीचं रक्त दोन्ही बाजूंच्या कॅव्हर्नस सायनसमधून इन्फिरियर पेट्रोझल सायनस नावाच्या दोन बारीक शिरांत उतरतं आणि कवटीच्या तळाशी मानेच्या मोठ्या शिरेला मिळतं. दोन्ही जांघांतून कॅथेटर घालून, हृदयाच्या उजव्या कप्प्यातून वर नेत, त्या दोन शिरांत टोकं बसवायची. मग डावी, उजवी आणि हातापायाकडची एक शीर, अशा तीन ठिकाणांहून एकाच क्षणी रक्त काढायचं. पिट्यूटरीजवळचं एसीटीएच बाहेरच्याच्या दुप्पट असेल, किंवा एसीटीएच बाहेर काढणाऱ्या उत्तेजक इंजेक्शननंतर तिप्पट असेल, तर उगम पिट्यूटरीत. हे २ आणि ३ चे आकडे प्रामुख्याने १९९१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या ओल्डफील्ड आणि सहकाऱ्यांच्या २८१ रुग्णांच्या अभ्यासातून रुळले.

ही तपासणी ठरवताना एका गोष्टीत मी अजिबात तडजोड करत नाही. त्या दिवशी रुग्णाचं कॉर्टिसॉल चढलेलंच असायला हवं. ते चढलेलं असतं तेव्हा पिट्यूटरीतल्या निरोगी एसीटीएच पेशी गप्प असतात, म्हणून शिरेत जे सापडतं ते गाठीचंच असतं. हिला आधी दुसरीकडे कॉर्टिसॉल उतरवणारं कीटोकोनॅझोल सुरू केलं होतं. कॉर्टिसॉल खाली आलं की निरोगी पेशी जाग्या होतात, आणि मग गाठ फुप्फुसात असली तरी गुणोत्तर पिट्यूटरीचंच येऊ शकतं. म्हणून गोळ्या बंद केल्या, काही आठवडे थांबलो आणि कॉर्टिसॉल पुन्हा वर गेल्याची खात्री करूनच तारीख घेतली. तपासणीच्या सकाळीही एक नमुना पाठवला. तो २८ आला.

कॅथ लॅबमध्ये ती जागीच होती, फक्त जांघेत भूल दिलेली. गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन दिलं. रेडिओलॉजिस्ट सरांनी उजवीकडचं कॅथेटर बसवलं आणि हलक्या हाताने डाय सोडला. "कानात सळसळल्यासारखं होतंय," ती म्हणाली. ते चालतं. कान दुखला, डोकं एकदम ठणकलं किंवा डोळ्यापुढे दोन दोन दिसलं, तर मात्र तिथेच थांबायचं. क्वचित का होईना, या तपासणीत मेंदूच्या देठाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून मी तिच्या डोक्याशी उभी राहून बोलत राहते.

डावीकडे अडचण आली. सरांनी पडद्याकडे पाहत सांगितलं, "इथे सरळ शीरच नाहीये, बारीक फाट्यांचं जाळं आहे. टोक आत शिरत नाही, तोंडाशीच राहतंय." काही जणांची रचना जन्मतःच अशी असते. बराच वेळ प्रयत्न झाला, पुढे रेटण्यात धोका होता, म्हणून आहे तिथूनच नमुने घ्यायचं ठरलं.

माझ्या रेजिडेंटने जांभळ्या झाकणाच्या ट्यूब बर्फात रांगेने लावल्या होत्या. प्रत्येकीवर आधीच बाजू आणि मिनिट लिहिलेलं. एसीटीएच उबेत पटकन विरतं, म्हणून बर्फ आणि थंड सेंट्रिफ्यूज हवंच. पण मला खरी भीती असते ती डाव्या-उजव्याची अदलाबदल होण्याची. त्यामुळे रक्त काढणारा मोठ्याने बाजू बोलतो आणि ट्यूब घेणारा ती परत बोलतो. दोन नमुने उत्तेजनाआधी घेतले. उत्तेजक म्हणून सीआरएच आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डेस्मोप्रेसिन १० मायक्रोग्रॅम शिरेतून दिलं. तिचा चेहरा लाल झाला, तसा तो होतोच. मग ३, ५ आणि १० मिनिटांना पुन्हा तीन-तीन नमुने. प्रत्येक नमुन्यातून थोडं रक्त प्रोलॅक्टिन या पिट्यूटरीच्या दुसऱ्या हार्मोनसाठीही वेगळं ठेवलं. शेवटी सरांनी पुन्हा चित्र घेतलं, तर उजवीकडचं टोकही थोडं मागे सरकलेलं होतं. मधे कधीतरी तिने मान हलवली असणार. डेस्मोप्रेसिन देऊन झालेलं होतं, त्यामुळे लगेच पुन्हा सगळं करण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी रेजिडेंट आकडे घेऊन आला. चेहरा पडलेला. "मॅडम, एक्टोपिक."

उत्तेजनाआधी बाहेरचं एसीटीएच ६४, डावीकडे ७०, उजवीकडे १०२. गुणोत्तर १.१ आणि १.६. पाचव्या मिनिटाला बाहेरचं ७५, डावीकडे ८८, उजवीकडे १९५. गुणोत्तर १.२ आणि २.६. दोनच्या खाली, मग तीनच्या खाली. छापील नियमाने उत्तर सरळ होतं: एक्टोपिक, म्हणजे गाठ पिट्यूटरीबाहेर.

पण या तपासणीतलं "हो" आणि "नाही" सारख्या वजनाचं नसतं. कॉर्टिसॉल चढलेलं असताना गुणोत्तर ३ च्या वर गेलं, तर ते पिट्यूटरीखेरीज येण्याला फारसं दुसरं कारण उरत नाही. गुणोत्तर कमी येण्याला मात्र दोन कारणं असतात: एकतर गाठ दुसरीकडे आहे, नाहीतर कॅथेटर पिट्यूटरीच्या रक्तात नव्हतंच. हा फरक एसीटीएचच्या कॉलममध्ये दिसत नाही. त्यासाठी शेजारच्या कॉलममध्ये पाहावं लागतं.

प्रोलॅक्टिन पिट्यूटरीच बनवते, आणि कुशिंगच्या गाठीशी त्याचा संबंध नसतो. टोक बरोबर बसलं असेल तर तिथलं प्रोलॅक्टिन बाहेरच्यापेक्षा निदान १.८ पट असायला हवं. त्याच पाचव्या मिनिटाला हिचं बाहेरचं प्रोलॅक्टिन १२, डावीकडे १२.५, उजवीकडे १६.८ होतं. डावीकडचं गुणोत्तर जेमतेम १.०४, म्हणजे तिथे आम्ही मानेच्या शिरेतलंच रक्त गोळा केलं होतं. उजवीकडे १.४, म्हणजे पिट्यूटरीचं रक्त होतं, पण दुसऱ्या रक्तात मिसळून पातळ झालेलं.

मी रेजिडेंटला म्हटलं, "आता एसीटीएचच्या गुणोत्तराला त्याच बाजूच्या, त्याच मिनिटाच्या प्रोलॅक्टिनच्या गुणोत्तराने भाग." २.६ भागिले १.४. त्याने मोबाइलवर भागाकार केला: १.८६. ही किंमत १.३ च्या वर असेल तर पिट्यूटरी, ०.७ च्या खाली असेल तर एक्टोपिक, आणि मधल्या पट्ट्यात असेल तर काहीच ठरत नाही. डावीकडची किंमत या मधल्या पट्ट्यातच पडत होती, आणि ते साहजिक होतं, कारण डावीकडे सांगण्यासारखं काही पोहोचलंच नव्हतं.

तो खुर्ची ओढून बसला आणि त्याने विचारलं, "मग उजवीकडे जास्त आहे, म्हणजे गाठ उजवीकडे?" एमआरआयवर तर डावीकडे होती. डाव्या-उजव्यात १.४ पटीचा फरक दिसला की बाजू कळते असं वाचलेलं असतं, पण कॅथेटर दोन्हीकडे उत्तम बसलं तरी बऱ्याच वेळा ती बाजू चुकते, कारण पिट्यूटरीचं रक्त दोन्हीकडे सारखं वाटून जात नाही. इथे तर डावं टोक जाग्यावरच नव्हतं. त्यामुळे उगम पिट्यूटरीत आहे एवढंच आकड्यांतून घ्यायचं, बाजू घ्यायची नाही, हे मी रिपोर्टमध्ये ठळक लिहिलं. हेही लिहिलं की भागाकाराचे हे उंबरठे कमी रुग्णांवरच्या अभ्यासांतून आले आहेत, म्हणून ते एमआरआय आणि लक्षणांच्या जोडीनेच वाचावेत.

"एक्टोपिक" हा शिक्का तसाच राहिला असता, तर पुढची वाट मला दिसत होती. आधी अशा लपलेल्या गाठी शोधणारा डोटाटेट पेट स्कॅन, मग फुप्फुसातली कुठलीतरी जुनी खूण गाठ समजून तिचा पाठलाग, आणि काहीच सापडलं नाही तर दोन्ही ॲड्रिनल काढून जन्मभर गोळ्या. आणि मूळ गाठ जागच्या जागी.

न्यूरोसर्जनबरोबर बसून सगळे आकडे मांडले. त्यांनी दोन्ही बाजू पाहायच्या, पण सुरुवात एमआरआयवरच्या ठिपक्यापासून करायची असं ठरवलं. गाठ डावीकडेच निघाली: पांढुरकी, मऊ, भाताच्या शितापेक्षा लहान. पॅथॉलॉजीत एसीटीएचचा रंग तिने उचलला.

ऑपरेशननंतर दुसऱ्या सकाळी कॉर्टिसॉल १.४ आलं. अंग मोडून आलंय, मळमळतंय, काहीच खावंसं वाटत नाही, अशी तिची तक्रार होती, आणि नवरा काळजीत होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की दीर्घकाळ कॉर्टिसॉलात बुडालेल्या शरीराचं कॉर्टिसॉल अचानक उतरलं की असंच होतं, आणि इतकं खाली येणं हीच गाठ निघाल्याची सगळ्यात चांगली खूण आहे. हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं. तापात डोस दुप्पट करायचा, उलट्या झाल्या तर थेट दवाखाना गाठायचा, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. गप्प बसलेल्या निरोगी पेशींना पुन्हा कामाला लागायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. तोवर ती दर काही आठवड्यांनी सकाळची गोळी न घेता कॉर्टिसॉल तपासायला येईल.