पखवाजाला 'द' लागतो का?

मी सिंधुदुर्गात एका हायस्कूलला नववी-दहावीला इंग्रजी शिकवते, बरीच वर्षं झाली आता. आर्टिकल्स हा धडा इतक्या वेळा घेतलाय की फळ्यावर काय लिहायचं ते हाताला पाठ झालंय. तरी डिसेंबरमधल्या एका दिवसाबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं, कारण त्या दिवशी एका मुलाच्या वहीने मला 'द' हा शब्द परत पहिल्यापासून शिकायला लावला.

नववीला 'स्वतःबद्दल पाच वाक्यं' असं काम दिलं होतं. ऑफ पिरियडला वह्या तपासत बसले होते. बहुतेक मुलांचं नेहमीचंच, म्हणजे 'द' कुठेच नाही. मराठीत हा प्रकारच नाही ना, आपण "सूर्य उगवला" म्हणतो आणि काम भागतं, त्यामुळे मुलं तो सरळ गाळतात. पण एका वहीत जे होतं ते मी थांबून दोनदा वाचलं. मुलगा शेवटच्या बाकावरचा, फार न बोलणारा, त्याचे वडील दशावतारात काम करतात आणि हा जत्रांच्या दिवसात त्यांच्याबरोबर पखवाज वाजवायला जातो. त्याची पाच वाक्यं अशी होती:

"आय प्ले पखवाज."
"आय प्ले द क्रिकेट."
"आय हॅव द लंच अ‍ॅट वन ओ'क्लॉक."
"माय फादर इज टॉलेस्ट मॅन इन द व्हिलेज."
"डच वॉज इन वेंगुर्ला."

शेवटचं वाक्य स्वतःबद्दल कसं ते विचारायचं राहून गेलं, पण डच वखार आम्ही सहलीत बघितली होती आणि ती त्याच्या मनात बसली होती एवढं नक्की. मला खटकलं ते वेगळंच. जिथे 'द' लागतो (वाद्य, सुपरलेटिव्ह, एखाद्या देशाचे लोक) तिथे याने तो काढलाय आणि जिथे लागत नाही (खेळ, जेवण) तिथे बरोब्बर लावलाय. गाळणारा मुलगा सगळीकडे गाळतो, भीतीने लावणारा सगळीकडे लावतो, पण असं नेमकं उलटं होतं तेव्हा त्या मुलाने काहीतरी विचार केलेला असतो. म्हणून लाल पेन खाली ठेवलं आणि मधल्या सुट्टीत त्याला बोलावून घेतलं.

"क्रिकेटाक 'द' कशाक लावलंस रे?" मी विचारलं.

तो म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगलात, सगळ्यांका म्हायत आसता तेका 'द'. द सन, द मून. क्रिकेट सगळ्यांका म्हायत आसा. लंच पण."

"आणि पखवाजाक?"

"पखवाज तेंका म्हायत नाय बाई. मगे 'द' कसो लावू?"

मी काही क्षण गप्पच बसले. कारण त्याचं बरोबर होतं, म्हणजे मी जो नियम दिला होता त्याला धरून त्याचं अगदी बरोबर होतं. "ओळखीच्या गोष्टीला 'द'" हे वाक्य मी दर वर्षी सांगत आलेय, आणि या मुलाने ते प्रामाणिकपणे लावून बघितलं. वडिलांनाही 'द' नव्हता तो याच हिशोबाने, पुस्तक लिहिणारे त्याच्या वडिलांना कुठे ओळखतात! गाव मात्र सगळ्यांना माहीत, म्हणून 'द व्हिलेज', आणि ते नेमकं बरोबर आलं होतं.

तास पुढचाच होता. ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि त्याची परवानगी घेऊन पाचही वाक्यं फळ्यावर लिहिली, कोणाची ते न सांगता.

सुरुवात 'प्ले'पासून केली. आपल्या भाषेत पखवाज वाजवतात आणि क्रिकेट खेळतात, दोन क्रियापदं आहेत त्यामुळे आपल्याला गोंधळ होण्याचं कारणच नाही. इंग्रजीत दोन्हीला 'प्ले'च. म्हणून मुलांना म्हटलं, वाक्य मनात मराठीत म्हणा, 'वाजवतो' आलं तर 'प्ले द', 'खेळतो' आलं तर नुसतं 'प्ले'. आय प्ले द तबला, आय प्ले कबड्डी. ही युक्ती पहिल्याच फटक्यात चालली, मागच्या बाकांवरून पण उत्तरं यायला लागली. पण युक्ती म्हणजे कारण नव्हे आणि त्या मुलाचा प्रश्न कारणाचा होता, पखवाज इंग्रजांना माहीत नाही त्याचं काय?

मग त्याला वर्गात पखवाजच आणायला सांगितलं. स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी तो स्टाफरूमच्या कोपऱ्यात ठेवलेला होता. टेबलावर आडवा ठेवला, एका बाजूला काळी शाई, दुसऱ्या बाजूला कणीक लावतात ती जागा. मी विचारलं, तू हाच एक वाजवतोस? म्हणाला नाही, कंपनीचा वेगळा आहे, देवळातला वेगळा. मग "आय प्ले द पखवाज" म्हणतोस तेव्हा यातला कुठला? थोडा वेळ विचार करून म्हणाला, "खयचोय. पखवाज म्हणजे पखवाज." हेच तर! इथला 'द' त्या एका लाकडी खोडाकडे बोट दाखवत नाही, तो पखवाज नावाच्या अख्ख्या जातीकडे दाखवतो. "द टायगर" म्हटलं की जसा वाघ हा प्राणीच डोळ्यासमोर येतो, कुठला एक वाघ नव्हे, तसंच. ऐकणाऱ्याला ते वाद्य माहीत असायची गरजच नाही, वाद्यांमध्ये पखवाज म्हणून एक प्रकार आहे एवढं पुरतं. आणि बाजारातून एक आणला तर मात्र "आय बॉट अ पखवाज", कारण आता गोष्ट एका नगाची झाली.

क्रिकेटचं तसं होत नाही कारण क्रिकेट टेबलावर ठेवता येत नाही. बॅट ठेवता येते, स्टंप ठेवता येतात, क्रिकेट ही नुसती करायची गोष्ट आहे. दोन पखवाज म्हणता येतं, दोन क्रिकेट म्हणता येत नाही. म्हणून त्याच्याआधी काही नाही.

लंचला हे सगळं लागू पडत नाही, कारण जेवण ताटात दिसतं आणि एका मुलीने लगेच ते बोलून दाखवलं. तिला म्हटलं, "आफ्टर लंच भेटू" यात तू भात-आमटीबद्दल बोलतेस की वेळेबद्दल? ब्रेकफास्ट, लंच, डिनर हे शब्द इंग्रजीत बहुतेक वेळा दिवसातल्या ठरलेल्या गोष्टीसारखे येतात, 'अ‍ॅट नाईट', 'अ‍ॅट नून'सारखे, म्हणून मोकळे. पण एखादं ठराविक जेवण मनात असेल तर 'द' परत येतो, "द लंच वी हॅड अ‍ॅट युअर हाऊस वॉज टेस्टी". आणि मध्ये विशेषण घातलं की बऱ्याचदा 'अ', जसं "अ हेवी लंच". बोर्डाच्या पेपरात मुलं इथेच फसतात, 'जेवणाला काही नाही' एवढंच पाठ केलेलं असतं.

सुपरलेटिव्हला फार वेळ लागला नाही, पण चूक का होते ते मला त्या दिवशी नीट कळलं. मुलं मनात 'सगळ्यात उंच' म्हणतात आणि त्यांना 'टॉलेस्ट'मध्येच 'सगळ्यात' आलं असं वाटतं, मग 'द' कशासाठी? तर सगळ्यात उंच असा एकच असतो, म्हणून त्याच्याकडे बोट. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही, "कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र". हेच वाक्य डिग्री बदलून "हायर देन एनी अदर पीक" केलं की 'द' जातो, आणि मुलं नेमकी तिथे तो ओढत नेतात. शिवाय 'माय बेस्ट फ्रेंड'मध्ये 'माय'ने ती जागा आधीच घेतलेली असते, तिथे 'द' बसत नाही.

राहिले डच. "डच वॉज इन वेंगुर्ला" वाचून मी वर्गाला विचारलं, वेंगुर्ल्यात कोण होतं, माणसं की भाषा? कारण नुसतं 'डच' म्हटलं की ती भाषा होऊ शकते. "इंग्लिश लेफ्ट इंडिया" लिहिलं तर इंग्रजी भाषा देश सोडून गेली असं होईल, आणि ती तर इथेच आहे, आपण तिचाच तास करतोय! 1947 ला गेले ते "द इंग्लिश". 1961 ला गोवा सोडला तो "द पोर्तुगीज" यांनी. आपल्याकडे इंग्रज आणि इंग्रजी असे दोन वेगळे शब्द आहेत, तिथे एकच, आणि फरक सगळा 'द' दाखवतो. मग मुलांनीच एक खूण शोधली, शब्दाला 'एस' लागतो का बघायचं. इंडियन्स, जर्मन्स, अमेरिकन्स होतं, हे 'द'शिवाय पण उभे राहतात, "इंडियन्स लव्ह क्रिकेट". डच, फ्रेंच, इंग्लिश, चायनीज, जॅपनीज, पोर्तुगीज यांना 'एस' लागत नाही, म्हणून सगळे लोक म्हणायचे तर 'द' हवाच. आणि लोक म्हणजे अनेकवचन, म्हणून 'वॉज' नाही, 'वेअर'. "द डच वेअर इन वेंगुर्ला." एकटा माणूस असेल तर 'अ डच' नाही म्हणायचं, 'अ डचमन'.

बेल झाली तरी तो मुलगा फळ्यासमोरच उभा. संध्याकाळी त्याचं नाटक होतं आणि त्याच्या काकाने गोव्यातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक इंग्रजी बोर्ड करायला सांगितला होता. विचारलं, नावापुढे 'द पखवाज' लिहू? म्हटलं नको, तिथे नुसतं 'पखवाज'. कार्यक्रमाच्या पत्रिकेत "ऑन तबला", "ऑन हार्मोनियम" असं 'द'शिवायच चालतं, आणि अमेरिकेत तर बोलताना "प्ले गिटार" पण सर्रास म्हणतात. परीक्षेत मात्र लाव.

दुसऱ्या दिवशी डोळे लाल, रात्रभर जागलेला, पण वही घेऊन आला. पाचही वाक्यं दुरुस्त केलेली आणि खाली सहावं नवीन, नाटक संपल्यावर पहाटे सगळे एकत्र जेवतात त्याबद्दल. ते डिनर की ब्रेकफास्ट हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्याने लिहिलं होतं, "आफ्टर द प्ले वी हॅव मील." जेवणाला काही नाही, असं त्याने पक्कं केलं होतं.

मी त्याला शेजारी बसवलं आणि 'मील'च्या आधी 'अ' लिहिला. ब्रेकफास्ट, लंच, डिनर ही नावं मोकळी, पण 'मील' हा मोजायचा शब्द आहे, दिवसात तीन मील्स होतात, म्हणून "वी हॅव अ मील". त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे बाई, क्रिकेटाक काय नाय, पण मॅचीक 'अ'?"

हो, म्हटलं, "वी प्लेड अ मॅच." ते त्याने सातवं वाक्य म्हणून लिहिलं आणि वर्गात जाऊन झोपला.